तीन आणि चार मोजमापांचा हिशोब: सर्व फेरमांडण्या मांडून दोन सरासरींमधील फरक कसा तपासावा

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी दोन प्रकारचे पाणी वापरले जाते: नळाला ठरावीक वेळी येणारे नर्मदेचे आणि एरवी टाकीतून येणारे बोरिंगचे. बोरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, हे सासूबाईंचे अनेक वर्षांचे म्हणणे आहे, आणि त्याला रसायनशास्त्राचा आधारही आहे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशीभित्तिकांमधील पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे दाणा मऊ पडण्यास वेळ लागतो. परंतु आमच्या घरच्या बोरिंगचे पाणी तेवढे जड आहे का आणि फरक मिनिटांत दिसण्याइतका आहे का, हे केवळ तत्त्वावरून सांगता येत नाही. त्यासाठी मोजावे लागते. मी सात दिवस मोजले, आणि त्या सात आकड्यांच्या आधारे हा लेख लिहिते आहे.

सात आकडे म्हणजे फार थोडे. दोन सरासरींची तुलना करणारी पाठ्यपुस्तकातील नेहमीची टी-चाचणी वापरायची, तर मोजमापे घंटेच्या आकाराच्या, म्हणजे प्रसामान्य, वितरणातून आली आहेत असे गृहीत धरावे लागते, आणि एका गटात तीन व दुसऱ्यात चार आकडे असताना ते गृहीतक तपासण्याचा काहीही मार्ग नसतो. अशा वेळी परम्युटेशन चाचणी, म्हणजे फेरमांडण्यांची चाचणी, उपयोगी पडते. तिला वितरणाच्या आकाराशी कर्तव्य नसते. तिचा सारा आधार चिठ्ठ्या टाकून केलेल्या वाटणीवर असतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली चहाच्या आठ कपांचा जो प्रसिद्ध प्रयोग मांडला, ज्यात दूध आधी घातलेले चार कप चवीवरून ओळखायचे होते, त्यातही हीच युक्ती होती: आठ कपांतून चार निवडण्याच्या ७० रीती, आणि त्यांपैकी एकच पूर्ण बरोबर. दोन सरासरींमधील फरकासाठी हा विचार ई. जे. जी. पिटमन यांनी १९३७ साली सविस्तर मांडला. त्या काळी मोठ्या नमुन्यांसाठी सगळ्या मांडण्या हाताने लिहिणे अशक्य होते. परंतु तीन आणि चारांसाठी एक पान पुरते.

मोजण्यापूर्वीची तयारी

या चाचणीत आकडेमोड शेवटी येते, तिची किंमत मात्र आधीच ठरलेली असते. म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

सियागंजातून तुरीच्या डाळीचे एकच पाकीट आणले, कारण जुन्या-नव्या डाळीचा फरक पाण्याच्या फरकात मिसळला असता. रोज सकाळी १४० ग्रॅम डाळ, न भिजवता, ७०० मिलिलिटर पाण्यात, त्याच पातेल्यात, त्याच शेगडीवर, झाकण ठेवून शिजवायची असे ठरवले. कुकर मुद्दाम वापरला नाही, कारण शिट्ट्या मोजून मिनिटांचा फरक कळत नाही. पाण्याला उकळी आल्यावर डाळ घालून घड्याळ सुरू करायचे, तिसाव्या मिनिटानंतर दर मिनिटाला पाच दाणे काढून बोटांत दाबायचे, आणि पाचही दाणे कणी न राहता दबले की वेळ लिहायची.

दाणे दाबायचे काम सासूबाईंकडे होते आणि पातेल्यात कोणते पाणी आहे हे त्यांना सांगायचे नाही, असा नियम होता. पाणी माझी मुलगी आधीच भरून ठेवत असे. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मला सांगितलंस तर मी मुद्दाम उशीर करीन असं वाटतं का गं तुला?" मी त्यांना म्हटले, "नाही आई, मुद्दाम नाही, पण बोरिंगचं आहे हे माहीत असलं की बोट आपोआप जरा जोरात तपासतं." त्यांना ते पटले.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे चिठ्ठ्या. तीन चिठ्ठ्यांवर "बो" आणि चारांवर "न" लिहून, सारख्या घड्या घालून त्या स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि एकेक काढून सात दिवसांचा क्रम ठरवला: न, बो, न, न, बो, बो, न. हा क्रम पाहून "बोरिंग सलग दोन दिवस आले, पुन्हा काढू" असा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. नको असलेले क्रम आपण काढून टाकू लागलो, की प्रत्यक्षात शक्य असलेल्या वाटण्यांची संख्या कमी होते आणि पुढे आपण ज्या संख्येने भागणार आहोत तो छेद खोटा ठरतो. काही क्रम खरोखर नको असतील, तर ते चिठ्ठी काढण्यापूर्वी लिहून ठेवावेत आणि नंतरच्या यादीतूनही वगळावेत.

आणखी एक बाब: बोरिंगचे पाणी मी रोज ताजे घेतले. पहिल्या दिवशी एक बादली भरून तीच तीन दिवस वापरली असती, तर तीन मोजमापे बोरिंगची न राहता एका बादलीची झाली असती. तसेच एकाच पातेल्यातील डाळ तीन जणांनी तपासली म्हणजे तीन मोजमापे होत नाहीत. चिठ्ठीने ज्याला पाणी मिळाले ते एकक, आणि ते येथे एका सकाळचे एक पातेले आहे.

आकडे

सात दिवसांच्या वेळा मिनिटांत, क्रमाने, अशा आल्या: ४१, ५२, ४४, ४८, ४७, ५५, ३९. त्यांपैकी बोरिंगचे दिवस दुसरा, पाचवा आणि सहावा. म्हणजे बोरिंगच्या वेळा ५२, ४७, ५५ आणि नर्मदेच्या ४१, ४४, ४८, ३९. बोरिंगची बेरीज १५४, सरासरी ५१.३३, नर्मदेची बेरीज १७२, सरासरी ४३. फरक ८.३३ मिनिटांचा.

आता प्रश्न असा आहे की पाण्याने काहीच होत नसते, तर केवळ चिठ्ठ्यांच्या योगायोगाने एवढा फरक किती वेळा दिसला असता? पाण्याने काहीच होत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची डाळ ५२ मिनिटांतच शिजली असती, चिठ्ठी "बो" निघो वा "न". सातही आकडे जागच्या जागी राहिले असते. बदलली असती ती फक्त त्यांच्यावरची नावे. चाचणीची शून्य परिकल्पना ती हीच, आणि "दोन्ही सरासरी सारख्या आहेत" या विधानापेक्षा ती थोडी कडक आहे, हे ध्यानात ठेवावे.

सात दिवसांतून बोरिंगचे तीन दिवस निवडण्याच्या रीती ३५ आहेत, कारण ७ × ६ × ५ भागिले ३ × २ × १ म्हणजे ३५. चिठ्ठ्या नीट काढल्या असतील तर या पस्तीसही रीती सारख्याच संभवनीय होत्या.

यादी करणे

प्रत्येक रीतीसाठी दोन सरासरी काढून वजाबाकी करण्याची गरज नाही. सातही आकड्यांची बेरीज ३२६ ही कायम आहे, म्हणून तीन आकड्यांची बेरीज मोठी असेल तर उरलेल्या चारांची आपोआप लहान होते आणि फरक वाढतो. त्यामुळे फक्त तिघांच्या बेरजा लिहिल्या तरी पुरते. यात वेळ वाचतो, आणि अपूर्णांक टळल्यामुळे चुकाही टळतात.

आकडे आधी चढत्या क्रमाने लावावेत: ३९, ४१, ४४, ४७, ४८, ५२, ५५. मग सर्वांत लहान आकडा धरून त्याच्यासह होणारी सगळी त्रिकुटे लिहावीत, ती संपली की तो आकडा कायमचा बाजूला ठेवून पुढचा धरावा. मनाला येतील तशी त्रिकुटे लिहिली तर एखादे दोनदा येते आणि एखादे राहून जाते.

३९ घेऊन पंधरा त्रिकुटे होतात. दुसरा आकडा ४१ असताना तिसरा ४४, ४७, ४८, ५२, ५५ असा बदलत जातो आणि बेरजा १२४, १२७, १२८, १३२, १३५ येतात. दुसरा ४४ असताना १३०, १३१, १३५, १३८. दुसरा ४७ असताना १३४, १३८, १४१. दुसरा ४८ असताना १३९, १४२. आणि ३९, ५२, ५५ यांची १४६.

३९ बाजूला ठेवून ४१ घेतल्यावर दहा त्रिकुटे होतात. ४४ सोबत १३२, १३३, १३७, १४०. ४७ सोबत १३६, १४०, १४३. ४८ सोबत १४१, १४४. आणि ४१, ५२, ५५ यांची १४८.

४४ पासून सहा: ४७ सोबत १३९, १४३, १४६; ४८ सोबत १४४, १४७; आणि ४४, ५२, ५५ यांची १५१.

४७ पासून तीन: १४७, १५०, १५४. शेवटी ४८, ५२, ५५ यांचे एकटे त्रिकूट, बेरीज १५५.

पंधरा, दहा, सहा, तीन, एक: एकूण ३५. संख्या जुळली तरी बेरजांतील चूक लपून राहू शकते, म्हणून एक पडताळणी अवश्य करावी. प्रत्येक आकडा नेमक्या १५ त्रिकुटांत येतो, कारण त्याच्या दोन सोबत्यांची निवड उरलेल्या सहांतून १५ प्रकारे होते. म्हणून सर्व बेरजांची बेरीज १५ × ३२६, म्हणजे ४८९० आली पाहिजे. माझ्या पहिल्या यादीत ती ४८८० आली होती. शोधल्यावर ४१, ४८, ५५ यांची बेरीज १४४ ऐवजी १३४ लिहिलेली सापडली. त्या चुकीने निकाल बदलला नसता, पण तीच चूक वरच्या टोकाच्या एखाद्या त्रिकुटात झाली असती तर बदलला असता.

मोजणे

प्रत्यक्ष प्रयोगातील बोरिंगची बेरीज १५४. यादीत १५४ किंवा त्याहून मोठ्या बेरजा दोनच आहेत: १५४ स्वतः आणि १५५. पाण्याने काहीच होत नसता केवळ चिठ्ठ्यांमुळे एवढा किंवा मोठा फरक दिसण्याच्या शक्यतेला पी-मूल्य म्हणतात; म्हणून एकतर्फी पी-मूल्य, म्हणजे फक्त वरच्या बाजूने मोजलेले, ३५ पैकी २, सुमारे ०.०५७.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, प्रत्यक्षात आलेली मांडणी मोजायची विसरणे. तीही पस्तीसांपैकी एक आहे. ती सोडली तर सर्वांत टोकाचा निकाल आल्यावर पी-मूल्य शून्य निघेल, आणि पस्तीस चिठ्ठी-क्रमांच्या प्रयोगातून शून्य कधीही निघू शकत नाही. दुसरी चूक समान आकड्यांची. समजा नर्मदेच्या ४८ ऐवजी ४७ नोंदले गेले असते, तर ४७ दोनदा आला असता. दोन दिवस वेगळे आहेत, म्हणून दोन्ही ४७ वेगळेच धरायचे आणि यादी ३५ चीच ठेवायची. मग ५२ आणि ५५ सोबत पहिला ४७ घेतला तरी १५४ आणि दुसरा घेतला तरी १५४. दोन्ही मोजायचे, कारण अट "मोठी किंवा बरोबरीची" अशी आहे. "मोठी" एवढीच अट लावणाऱ्याला येथे शून्य मिळेल.

एकतर्फी मोजण्याचा अधिकार मला यामुळे मिळाला, की बोरिंगमध्ये वेळ जास्त लागतो हे म्हणणे प्रयोगाच्या आधीचे होते आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले होते. दिशा आधी ठरलेली नसेल, तर दोन्ही बाजूंचे फरक मोजावे लागतात. त्यासाठी मध्यबिंदू काढायचा: पस्तीस बेरजांची सरासरी ४८९० भागिले ३५, म्हणजे १३९.७१. आपली १५४ ही त्यापासून १४.२९ ने वर आहे. खालच्या बाजूला तेवढेच अंतर म्हणजे १२५.४३; त्याच्या खाली फक्त १२४ आहे. म्हणून दुतर्फी पी-मूल्य ३५ पैकी ३, सुमारे ०.०८६.

एकतर्फी मूल्याची दुप्पट केली तर ३५ पैकी ४ मिळाले असते. दोन गट असमान असले की यादी मध्यबिंदूभोवती सममित असतेच असे नाही, त्यामुळे या दोन पद्धती वेगळी उत्तरे देऊ शकतात. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. पायथनमधील `scipy.stats.permutation_test` दुतर्फी मूल्यासाठी दुप्पट करण्याची रीत वापरते. कोणती वापरली हे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

हाताने केलेली यादी संगणकावर ताडून पाहायची असल्यास एवढे पुरते:

```python
from itertools import combinations
b = [52, 47, 55]
n = [41, 44, 48, 39]
x = b + n
N, k, T, obs = len(x), len(b), sum(x), sum(b)
S = [sum(c) for c in combinations(x, k)]
one = sum(s >= obs for s in S)
two = sum(abs(N*s - k*T) >= abs(N*obs - k*T) for s in S)
print(len(S), one, two)   # 35 2 3
```

यात सरासरी न काढता पूर्णांकांच्या बेरजा ठेवल्या आहेत, त्याला कारण आहे. भागाकार केला की समान असायला हव्या अशा दोन संख्या संगणकात पंधराव्या-सोळाव्या दशांशस्थळी किंचित वेगळ्या होतात, आणि बरोबरीची मांडणी मोजणीतून निसटते. ३५ पैकी एक निसटणे म्हणजे जवळजवळ ०.०३ चा फरक. मोजमापे ४१.५ अशी असतील तर आधी सगळ्यांना १० ने गुणून घ्यावे.

या उत्तरातून काय कळते आणि काय नाही

३५ पैकी २ याचा अर्थ "पाण्याने फरक पडत नाही याची शक्यता ५.७ टक्के" असा नाही. पाण्याने काहीच फरक पडत नसता, तर केवळ चिठ्ठ्यांमुळे एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३५ त २ होती, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या मापाच्या खुणा फार दूर-दूर आहेत. तीन आणि चार आकड्यांत एकतर्फी पी-मूल्य ३५ पैकी १, २, ३ असेच असू शकते. मधले काहीच नाही. सर्वांत लहान मूल्य ०.०२९. प्रयोगाच्या चौथ्या दिवशी नर्मदेच्या पाण्यात ४८ ऐवजी ४६ मिनिटे लागली असती, तर बोरिंगचे तीन आकडे सर्वांत वरचे तीन ठरले असते आणि उत्तर ३५ पैकी १ आले असते. एका पातेल्यातील दोन मिनिटांनी पी-मूल्य निम्मे होते. म्हणून ०.०५ या प्रचलित रेषेच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावरच निर्णय करणे इतक्या लहान नमुन्यात मला योग्य वाटत नाही.

उलट बाजूनेही पाहावे. समजा ५५ ऐवजी ७५ मिनिटे लागली असती. सरासरींमधील फरक ८.३३ वरून १५ मिनिटांवर गेला असता. तरी एकतर्फी मूल्य ३५ पैकी २ च राहिले असते, कारण ४८, ५२, ७५ हे त्रिकूट तरीही ४७, ५२, ७५ च्या वर राहते. ज्या आकड्यामुळे फरक फुगला, तोच आकडा यादीतील इतर चौदा त्रिकुटांतही शिरतो. एका अचाट आकड्याच्या जोरावर चाचणी फसत नाही, हा तिचा गुण. पण मोठा फरकही ती त्याच कारणाने फार ठामपणे सांगू शकत नाही.

किती दिवस मोजायचे हे यावरूनच आधी ठरवता येते. तीन-तीनच्या प्रयोगात २० मांडण्या होतात, त्यामुळे एकतर्फी मूल्य ०.०५ च्या खाली जाऊच शकत नाही आणि दुतर्फी ०.१० च्या खाली जात नाही. आकडे कितीही स्वच्छ वेगळे झाले तरी. चार-चारमध्ये ७० आणि पाच-पाचमध्ये २५२ मांडण्या मिळतात. सत्तरपर्यंत हाताने जमते, पुढे संगणक घ्यावा. निकाल पाहून मात्र दिवस वाढवू नयेत. ३५ पैकी २ आले म्हणून आठवा दिवस जोडून ७० ची यादी करणे चुकीचे आहे, कारण आठव्या दिवसाचे पाणी त्या चिठ्ठ्यांतून निघालेले नसते, आणि निकाल हवा तसा येईपर्यंत थांबायचे नाही असा छुपा नियम त्यात शिरतो. पुन्हा करायचे तर नव्या चिठ्ठ्यांनी नवा प्रयोग.

नव्या प्रयोगाची आखणी आम्ही बदलली आहे. दिवसागणिक गॅसचा दाब आणि हवेचा गारवा बदलतो, त्यामुळे आता रोज दोन पातेली, एक नर्मदेचे आणि एक बोरिंगचे, दोन सारख्या शेगड्यांवर एकदम चढणार आहेत. कोणते पाणी डाव्या शेगडीवर, हे रोज नाणे उडवून ठरेल. अशा जोड्यांच्या प्रयोगाला वरची यादी लागू पडत नाही. त्यात रोजच्या फरकाचे चिन्हच तेवढे उलटू शकते, म्हणून सात दिवसांच्या मांडण्या २ चा सातवा घात, म्हणजे १२८ होतात, आणि सातही दिवस बोरिंग मागे पडले तर एकतर्फी मूल्य १२८ पैकी १ येते. जोडीने मोजून यादी मात्र ३५ सारखी करणे, किंवा सुट्या दिवसांना मागाहून जोड्या लावणे, या दोन्हींत चिठ्ठीने जे केले ते आणि कागदावर जे मांडले ते वेगळे होते.

पहिल्या प्रयोगाची वहीतील नोंद मी अशी लिहिली: "एकाच पाकिटातील तूरडाळ, सात सकाळ, क्रम चिठ्ठ्यांनी. बोरिंग ५२, ४७, ५५. नर्मदा ४१, ४४, ४८, ३९. सरासरींमधील फरक ८.३३ मिनिटे. दिशा आधी ठरलेली. सर्व ३५ मांडण्यांपैकी २ मध्ये एवढा किंवा जास्त फरक. दाणे तपासणाऱ्या व्यक्तीस पाणी माहीत नव्हते." सातही मूळ आकडे तिच्यात आहेत, त्यामुळे ज्याला शंका येईल त्याला पेन्सिल घेऊन ती यादी पुन्हा करता येईल.